फोटोत पॉवर किंवा अपूर्णांकाची रेघ कापली गेलीय, मग समीकरण नक्की काय आहे ते कसं ठरवायचं

गणिताचा नाहीतर फिजिक्सचा प्रश्न हल्ली फोटोतूनच येतो, आणि फोटो काढणाऱ्याने घाईत वरची कड कापलेली असते नाहीतर वहीची शिवणीकडची बाजू अंधारात गेलेली असते. मग समोरचा दोनपैकी एक करतो. एकतर दिसतंय तसंच समीकरण धरून सोडवायला बसतो, नाहीतर "हा फॉर्म्युला मला माहितीये" म्हणून आठवणीतली पॉवर भरून टाकतो. दोन्ही वेळा काहीतरी उत्तर निघतंच, बऱ्याचदा छान पूर्णांकात निघतं, आणि तिथेच लोक फसतात कारण उत्तर निघालं म्हणजे वाचन बरोबर होतं असं अजिबात नाही.

खाली दोन उदाहरणं घेतलीत. एक १०वीच्या वर्गसमीकरणांच्या धड्यात शोभेल असं, त्यात रेघ कुठून सुरू होते ते दिसत नाही. दुसरं ११वीच्या फिजिक्समधलं प्रोजेक्टाइलचं, त्यात पॉवर कापल्या गेल्यात. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, विशेषतः पाचव्या पायरीच्या आधी सोडवायला घेऊ नका.

## १. आधी फोटो खरंच कापलाय का ते बघा

चॅटमध्ये दिसतो तो फोटो नसतो, त्याची झलक असते आणि उंच किंवा रुंद फोटो असेल तर तिथे त्याचा मधलाच भाग दिसतो. त्यामुळे आधी फोटोवर टॅप करून पूर्ण उघडा. पूर्ण उघडूनही कड कापलेली असेल तर पाठवणाऱ्याला विचारा की क्रॉप करायच्या आधीचा फोटो गॅलरीत आहे का, बऱ्याच फोनमध्ये क्रॉप मागे घेता येतो. आणि फोटो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यात सगळ्यात आधी काय जातं तर बारीक आडव्या रेघा आणि वरचे छोटे आकडे, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तेच.

दुसरा फोटो मिळाला तर प्रश्नच मिटला. पुढचं सगळं तो मिळत नसेल तेव्हासाठी.

तपासा: कापलेल्या कडेजवळची उंच अक्षरं बघा. t, θ, b, कंस यांचे शेंडे पूर्ण दिसतायत का? पॉवर साधारण याच उंचीला किंवा जरा वर असते. θ चं डोकं छाटलेलं असेल तर त्या ओळीतल्या पॉवर शाबूत असतील असं धरूच नका. आणि शेंड्यांच्या वर मोकळा कागद दिसत असेल तर पॉवर कापली गेलेली नाही, ती मुळातच नव्हती.

## २. दिसतंय तेवढंच उतरवा, रिकाम्या जागी चौकोन ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. कागदावर समीकरण उतरवताना हात आपोआप ओळखीचा आकार पुरा करतो, u दिसलं की u² लिहून मोकळं, आणि मग पाच मिनिटांनी आपल्यालाच आठवत नाही की तो 2 फोटोत होता का आपण घातला.

म्हणून जिथे काही असू शकतं पण दिसत नाही तिथे चौकोन काढा. आपलं प्रोजेक्टाइलचं उदाहरण असं आहे: प्रश्न पानाच्या वरच्या ओळीत एका रेषेत छापलाय आणि वरची कड नेमकी त्या ओळीवरून गेलीय. दिसतं ते असं

y = x tanθ − gx/(2u cosθ)

आणि आपण उतरवायचं ते असं

y = x□ tan□θ − g□x□/(2u□ cos□θ)

चौकोन जास्त झाले तरी चालतील, पुढच्या पायरीत बरेच गळतात.

दुसरं उदाहरण वहीतलं. डावीकडची बाजू शिवणीत वाकलीय, सावली पडलीय. दिसतं ते असं: वर "x + 3", खाली "x − 1", उजवीकडे "= 5". रेघ 3 च्या खाली नक्की आहे पण डावीकडे ती सावलीत शिरते, x च्या खालून सुरू झालीय की 3 च्या खालून तेच कळत नाही. इथे चौकोन एकच, रेघेच्या डाव्या टोकाला.

सावधान: x च्या उजवीकडे खालच्या बाजूला दिसणारा छोटा 2 हा पॉवर नव्हे, तो x₂ आहे, दुसरा x. फोटो तिरका असेल तर हे दोन्ही सारखेच दिसतात. शेजारच्या = चिन्हाशी उंची ताडून बघा, पॉवर त्याच्या वर असते आणि हा खाली.

## ३. अक्षरं सोडा, जागा बघा

समीकरणाचा अर्थ लावायच्या आधी ते कागदावर कसं मांडलंय ते बघायचं, कारण छापणाऱ्याने किंवा लिहिणाऱ्याने पॉवरसाठी जागा सोडलेली असते आणि पॉवर कापली गेली तरी जागा राहतेच.

छापील प्रश्नात पॉवरचा आकडा मूळ अक्षराच्या साधारण ७० टक्के आकाराचा असतो, म्हणजे तो बरीच रुंदी खातो. आपल्या ओळीत tan आणि θ यांच्यात किती फट आहे ते बघा, मग cos आणि θ यांच्यातली फट बघा. दोन्ही सारख्याच लहान असतील तर cos वर पॉवर नाही. cos नंतरची फट चांगलीच मोठी असेल तर तिथे काहीतरी होतं. एकाच ओळीत तुलनेसाठी tan मिळणं ही मोठी सोय आहे, कारण दुसऱ्या पुस्तकाची किंवा दुसऱ्या पानाची फट इथे चालत नाही. फोटो झूम करून स्क्रीनवर कागदाची पट्टी धरून दोन्ही फटी मोजल्या तरी पुरे.

आपल्या फोटोत x आणि tan मध्ये नेहमीचीच फट आहे, tan आणि θ मध्येही तशीच, g आणि x अगदी चिकटून आहेत, म्हणजे त्या तिन्ही जागी पॉवर बसायला जागाच नाही. x नंतर तिरक्या रेघेच्या आधी फट आहे, u नंतर फट आहे, cos नंतर tan पेक्षा मोठी फट आहे. आता उरलं ते असं

y = x tanθ − gx□/(2u□ cos□θ)

सहा चौकोनांचे तीन झाले आणि अजून गणिताला हातही लावलेला नाही.

वहीतल्या उदाहरणात फटी कामाच्या नाहीत, हाताने लिहिताना त्या कशाही पडतात. तिथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे = चिन्हाची उंची. अपूर्णांकाची रेघ = चिन्हाच्या दोन दांड्यांच्या मधोमध येते, हे छापील मजकुरात पक्कं आणि हस्ताक्षरातही बहुतेक वेळा खरं असतं. म्हणून = च्या मधून डावीकडे एक सरळ रेषा मनात ओढा, किंवा खरंच पट्टी ठेवा. जे अक्षर त्या रेषेवर बसलंय ते अपूर्णांकाच्या बाहेरचं, जे त्या रेषेच्या पूर्ण वर आहे ते अंशातलं. आपलं सुरुवातीचं "x +" रेषेवर बसलंय की 3 च्या बरोबरीने वर आहे? वर असेल तर सगळं x + 3 अंशात आहे.

फोटो तिरका असेल तर = च्याच दांड्या ज्या दिशेला झुकल्यात त्या दिशेने रेषा ओढायची, फोटोच्या कडेला समांतर नाही.

दुसरी गोष्ट, 3 च्या बरोबर खाली काय आहे. x + 3 आणि x − 1 जवळपास सारख्याच रुंदीचे आहेत, त्यामुळे x + 3 पूर्ण अंशात असेल तर x खाली x येतो, + खाली − येतो आणि 3 खाली 1. पण अंशात फक्त 3 असेल तर माणूस तो छेदाच्या मधोमध लिहितो, म्हणजे 3 च्या खाली वजाचं चिन्ह येतं. ही खूण डावी बाजू पूर्ण अंधारात असली तरी चालते कारण ती फक्त उजव्या भागावरून कळते.

खालची कड कापलेली असेल तर हेच उलट वापरा. एखादा आकडा = च्या मधल्या रेषेच्या वर तरंगतोय आणि खाली फोटो संपलाय, तर त्याच्या खाली छेद होता. आणि एका बाजूचा कंस इतर कंसांपेक्षा दुप्पट उंच असेल तर आत नुसती ओळ नसून बहुतेक अपूर्णांक होता, वर्गमुळाच्या चिन्हाचंही तसंच.

सावधान: हस्ताक्षरातली ही खूण मत बनवायला चालते, निकाल द्यायला नाही. छापील असेल तर बराच भरवसा ठेवता येतो.

## ४. सगळ्या शक्यता लिहून काढा, मनात ठेवू नका

एक शक्यता आवडली की दुसरी शोधायचा कंटाळा येतो, म्हणून सोडवायच्या आधी सगळ्या लिहायच्या.

वहीतल्या उदाहरणात दोनच:

(अ) (x + 3)/(x − 1) = 5

(आ) x + 3/(x − 1) = 5

प्रोजेक्टाइलमध्ये x, u आणि cos यांच्या पॉवर a, b, c म्हणा, म्हणजे gx^a/(2u^b cos^c θ). इथे अंदाजाने 2 लिहायचा मोह होतो पण a, b, c अशीच अक्षरं ठेवा. पुढच्या पायऱ्यांत ती आपसूक ठरतात, आणि एखादं ठरलं नाही तर तेही स्वच्छ दिसतं.

## ५. एककं जुळवा, पण ती कुठे थांबतात ते बघा

फिजिक्सचं समीकरण असेल तर सगळ्यात भक्कम चाचणी हीच. बेरीज वजाबाकीतल्या प्रत्येक पदाचं एकक एकच हवं. इथे y मीटरमध्ये आहे, x tanθ पण मीटरमध्ये आहे कारण tanθ ला एकक नसतं, म्हणून शेवटचं पदही मीटरमध्येच यायला हवं.

आधी पॉवर काहीच नाहीत असं धरून बघा, म्हणजे फोटोत दिसतं तसं. g चं एकक मी/से², x चं मी, u चं मी/से. gx/u म्हणजे मी²/से² भागिले मी/से, येतं मी/से. हा वेग झाला, अंतर नाही. म्हणजे दिसतंय तसं समीकरण असूच शकत नाही, एवढं एका ओळीत कळलं.

आता a आणि b ठेवून:

सेकंदाची पॉवर: −2 + b = 0, म्हणून b = 2

मीटरची पॉवर: 1 + a − b = 1, म्हणून a = b = 2

झालं, x² आणि u² नक्की. आठवणीतून नाही, एककांवरून.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्याकडे मीटर आणि सेकंद अशी दोनच एककं होती म्हणून दोनच समीकरणं मिळाली आणि दोनच अज्ञात निघाले. g वरचा चौकोन तिसऱ्या पायरीत गळला नसता तर तीन अज्ञात झाले असते आणि मग एककांवरून एकच उत्तर निघालं नसतं. g²x³/u⁴ घेऊन बघा, तेही मीटरमध्येच येतं! म्हणून जितकी एककं तितकेच चौकोन सुटतात, त्याहून जास्त चौकोन असतील तर उरलेले आधी जागा बघून कमी करायचे.

सावधान: cos च्या पॉवरबद्दल एककं काहीही सांगत नाहीत. cosθ ला एककच नाही, मग त्याचा वर्ग केला काय आणि घन केला काय, मीटर तेच राहतात. तसंच 2 हा आकडा बरोबर आहे की कापला जाऊन 12 चा 2 उरलाय हेही एककांवरून कळत नाही. एककं जुळली म्हणजे सगळंच जुळलं असं समजून cos ला तसंच सोडून देणं ही या पायरीवरची सर्रास होणारी चूक आहे.

## ६. एकक नसलेल्या पॉवरसाठी परिस्थितीला प्रश्न विचारा

आता c राहिला. चेंडू जमिनीवर परत कुठे पडतो ते काढू, म्हणजे y = 0 ठेवायचं. x² आणि u² घालून

x = 2u² sinθ cos^(c−1) θ / g

c = 1 असेल तर cos गायब होतो आणि x = 2u² sinθ/g राहतं. यात θ जितका मोठा तितकं अंतर जास्त, आणि सरळ वर ९० अंशांत फेकलेला चेंडू सगळ्यात लांब पडतो. u = २० मी/से आणि g = १० मी/से² घेतलं तर सरळ वर फेकलेला चेंडू ८० मीटर लांब पडेल. तो तर पायाशीच पडायला हवा. म्हणून c = 1 बाद.

c = 2 घेतलं तर ९० अंशाला अंतर शून्य, ४५ अंशाला ४० मीटर, ६० अंशाला साधारण ३४.६ मीटर. हे पटतं. लोक इथे थांबतात, पण थांबू नका, c = 3 पण ९० अंशाला शून्यच देतो. म्हणजे ९० अंशाच्या चाचणीने 1 बाद झाला, 2 सिद्ध नाही झाला.

2 आणि 3 मध्ये निवडायला ३० आणि ६० अंश घ्या. एकाच वेगाने या दोन कोनांत फेकलेल्या वस्तू सारख्याच अंतरावर पडतात, ११वीला हे शिकवतातच. c = 2 ला sin30·cos30 आणि sin60·cos60 सारखेच आहेत, दोन्ही ०.४३३. c = 3 ला sin30·cos²30 = ०.३७५ आणि sin60·cos²60 = ०.२१७, जुळत नाही. 3 बाद.

आणि ज्यांना याहून पक्कं हवंय त्यांनी समीकरण मुळापासून दोन ओळीत उभं करावं. आडवा वेग u cosθ, म्हणून x = u cosθ · t, म्हणून t = x/(u cosθ). उभ्या दिशेने y = u sinθ · t − ½gt². यात t घातला की शेवटच्या पदात t² मुळे पूर्ण x/(u cosθ) चा वर्ग येतो. म्हणजे x, u आणि cosθ एकाच कंसातून आलेत, त्यांच्या पॉवर वेगळ्या असूच शकत नाहीत. पाचव्या पायरीत x आणि u ची पॉवर 2 निघाली तेव्हाच cos ची ठरली होती.

y = x tanθ − gx²/(2u² cos²θ)

समीकरण मुळापासून काढता येत असेल तर नेहमी काढा. काढता येत नसेल तर टोकाचे कोन, फार मोठं x, शून्य वेग असं काहीतरी घालून परिस्थिती खरी वाटते का बघा आणि कुठली शक्यता बाद झाली ते प्रत्येक वेळी लिहा.

## ७. शुद्ध गणितात एककं नसतात, तिथे पूर्ण उत्तर आणि प्रश्नाची भाषा

वहीतल्या उदाहरणाकडे येऊ. दोन्ही शक्यता सोडवा.

(अ) x + 3 = 5x − 5, म्हणून 4x = 8, x = 2.

(आ) दोन्ही बाजूंना x − 1 ने गुणून x² − x + 3 = 5x − 5, म्हणजे x² − 6x + 8 = 0, म्हणून x = 2 किंवा x = 4.

बघा, x = 2 दोन्हीकडे येतो. समजा तुम्ही (अ) धरून सोडवलं, 2 आला, मागे उत्तरात पाहिलं तर तिथेही 2 दिसला, तुम्ही खूश. पण उत्तरात "2, 4" असं असेल आणि तुम्ही पहिलाच आकडा बघून पान मिटलं असेल तर वाचन चुकलंय आणि तुम्हाला पत्ताच नाही. उलट कुणी (आ) धरून 2 आणि 4 काढले आणि खरं समीकरण (अ) असेल तर 4 घालून बघितल्यावर (4 + 3)/(4 − 1) = 7/3 येतं, 5 येत नाही. म्हणून ताळा घ्यायचा तो दोन्ही वाचनांत वेगळं पडेल अशा आकड्याने, इथे 4 ने. 2 ने घेतलेला ताळा इथे काहीच सांगत नाही.

उत्तर हाताशी नसेल तर प्रश्नाची भाषा बघा. "वर्गसमीकरण सोडवा" किंवा "मुळे काढा" असं असेल तर (आ) कडे कल जातो कारण (अ) सोडवताना वर्ग येतच नाही. आजूबाजूचे प्रश्न कसे आहेत तेही बघा, धड्यात सगळीकडे अवयव पाडायला लावत असतील तर मध्येच एक रेषीय समीकरण येण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे नाहीच असं नाही, सरावसंचात मुद्दाम मिसळलेलेही असतात.

सावधान: "उत्तर छान येतंय म्हणजे बरोबर" हा नियम इथे सरळ आपटतो, दोन्ही वाचनांची उत्तरं छानच आहेत. उत्तर विचित्र अपूर्णांकात आलं तर संशय घ्यायला हरकत नाही, पण छान आलं म्हणून विश्वास ठेवू नका.

## ८. ताळ्यासाठी 0, 1 आणि कधीकधी 2 पण वापरू नका

हे वेगळं लिहितोय कारण फार लोक इथे अडकतात. समजा फोटोत असं दिसतंय

x − 6x + 11x − 6 = 0

पॉवर कापल्यात हे उघड आहे, नाहीतर x ची तीन पदं कुणी सुटी लिहिली नसती, आधीच एकत्र केली असती. त्यामुळे पॉवर वेगवेगळ्या असणार आणि उतरत्या क्रमाने असणार, म्हणजे पहिला अंदाज x³ − 6x² + 11x − 6 = 0. आता उत्तराच्या यादीत x = 1 आहे म्हणून 1 घालून बघितलं, 1 − 6 + 11 − 6 = 0, जुळलं! पण हे x⁴ ला पण जुळेल आणि x⁷ ला पण, कारण 1 ला कुठलीही पॉवर दिली तरी 1 च. हा ताळा सहगुणकांचा झाला, पॉवरचा नाही. प्रोजेक्टाइलमध्ये θ = 0 ठेवून बघणं पण असंच वाया जातं कारण cos0 = 1.

0 चंही तेच, कुठलीही धन पॉवर दिली तरी 0.

2 थोडा बरा आहे पण त्यात एक खोड आहे, 2² आणि 2 × 2 सारखेच. त्यामुळे फोटोत x च्या जवळचा तो 2 पॉवर आहे की पुढे गुणायला आहे असा प्रश्न असेल तर 2 घालून काही कळत नाही. 3 घ्या. वरच्या समीकरणात 3 घातला तर 27 − 54 + 33 − 6 = 0, जुळतं. पहिलं पद x⁴ धरलं तर 81 − 54 + 33 − 6 = 54, जुळत नाही. उत्तराच्या यादीत 3 आहे हे माहीत असेल तर x⁴ इथेच बाद होतो.

उत्तराची यादीच नसेल तर हा ताळा घेता येत नाही हे मान्य करा. x³ वाल्या समीकरणाची मुळं 1, 2, 3 निघतात आणि ते फार देखणं आहे, पण देखणेपणाबद्दल मागच्या पायरीत सांगितलंच आहे.

## ९. तरीही ठरत नसेल तर विचारा, आणि नेमकं विचारा

"फोटो क्लिअर पाठव" असा मेसेज टाकला की बऱ्याचदा त्याच फोटोची दुसरी तशीच कॉपी येते. पाठवणाऱ्याला कळतच नाही की तुम्हाला काय दिसत नाहीये, त्याच्यासमोर पुस्तक आहे आणि त्याला सगळं दिसतंय. त्यामुळे एकदोन शब्दांत उत्तर येईल असं विचारा:

"भागाकाराची आडवी रेघ x च्या खालून सुरू होते की फक्त 3 च्या खाली आहे?"

"cos आणि θ च्या मध्ये वर छोटा आकडा आहे का? किती?"

समोर विद्यार्थी असेल तर "छेदात काय आहे" असं विचारण्यापेक्षा "रेघेच्या खाली काय काय लिहिलंय, डावीकडून उजवीकडे सांग" असं विचारलेलं चांगलं. आणि त्याने टाइप करून x+3/x-1 असं पाठवलं तर तुम्ही पुन्हा तिथेच आलात, कारण कंसाशिवाय टाइप केलेल्या या ओळीत आता रेघच नाहीये. नियमाने वाचलं तर ते x + (3/x) − 1 होतं, म्हणजे तिसरीच शक्यता, आणि पाठवणाऱ्याच्या मनात ती जवळजवळ कधीच नसते. अशा वेळी तुम्हीच दोन्ही वाचनं कंस घालून लिहून पाठवा आणि विचारा यातलं कुठलं.

## १०. उत्तर लिहिताना काय धरलं ते वर लिहा

पाठवणाऱ्याकडून उत्तर मिळालंच नाही आणि सोडवून देणं भाग आहे, तर पहिल्या ओळीत गृहीत धरलेलं वाचन लिहा, त्याचं कारण लिहा, मग सोडवा. प्रोजेक्टाइलसाठी असं पुरे होईल:

"फोटोत वरची कड कापलीय. x² आणि u² एककांवरून घेतले. cos²θ घेतला कारण t = x/(u cosθ) चा वर्ग येतो."

वहीतल्या समीकरणात कारण इतकं पक्कं नाही, म्हणून तिथे दोन्ही सोडवून द्या आणि कुठलं जास्त शक्य वाटतं तेही सांगा: "रेघ पूर्ण x + 3 खाली असेल तर x = 2. रेघ फक्त 3 खाली असेल तर x = 2 किंवा 4. तुझ्या फोटोत 3 च्या खाली वजाचं चिन्ह येतंय म्हणून मला दुसरं वाटतं, पुस्तकात बघून सांग." दोन ओळी जास्त टाइप कराव्या लागतात, पण वाचणाऱ्याला त्याच्या पुस्तकातलं समीकरण यातलं कुठलं ते लगेच कळतं आणि चुकीचं सोडवलेलं तो वहीत उतरवून घेत नाही.

परीक्षेच्या पेपरची झेरॉक्सच कापलेली असेल तर मात्र आधी पर्यवेक्षकांना दाखवा, शेजारच्या बाकावरच्या पेपरमध्ये ते पूर्ण छापलेलं असू शकतं आणि पर्यवेक्षक दुसरी प्रत देऊ शकतात. दुसरी प्रत नाही मिळाली तर वरच्यासारखंच, काय धरलं ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहायचं आणि चौकोन काढलेली ओळ कच्च्या कामात तशीच राहू द्यायची, खोडायची नाही.